नव्या केशतेलाच्या मागणीचा अंदाज: चाचणी बॅच, प्रदर्शन आणि दोन छोट्या बाजारपेठा

नवा सौंदर्यप्रसाधन ब्रँड सुरू करताना पहिली मोठी रक्कम बहुधा माल बनवण्यात अडकते, आणि ती किती अडकवावी हे मागणीच्या अंदाजावरच ठरते. हा अंदाज चुकण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे पहिल्या खरेदीलाच मागणी समजणे. प्रदर्शनात तीन दिवसांत शंभर बाटल्या खपल्या, दुकानदाराने दहा बाटल्या ठेवून घेतल्या, ओळखीच्या लोकांनी कौतुक केले, एवढ्यावर पुढची पाच हजार बाटल्यांची ऑर्डर दिली जाते. सौंदर्यप्रसाधन ही संपणारी आणि पुन्हा घ्यावी लागणारी वस्तू आहे. बाटली संपल्यावर तीच बाटली पूर्ण किमतीला पुन्हा किती जण घेतात, या एका आकड्यावर ब्रँडचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून चाचणीची सगळी आखणी तो आकडा हाती येईल अशा रीतीने करावी लागते.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. साताऱ्यातील एक उद्योजिका तीळ आणि खोबरेल तेलाच्या मिश्रणात माका, जास्वंद आणि कढीपत्ता घालून केलेले केशतेल बाजारात आणते आहे असे समजू. बाटली १०० मिलीलीटरची, छापील किंमत ३२० रुपये. पुढचे विक्रीचे आकडे गणित उलगडून दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. आपल्या उत्पादनासाठी ते जसेच्या तसे वापरू नयेत, पद्धत मात्र वापरता येईल.

चाचणीपूर्वी कागदावर काय लिहावे

सुरुवात एका उत्पादनाने आणि एकाच आकाराच्या मुख्य बाटलीने करावी. तेल, शाम्पू आणि साबण एकाच वेळी आणले तर प्रत्येकाचे नमुने इतके थोडे पडतात की कशाचाच निष्कर्ष काढता येत नाही.

त्यानंतर बाटली किती दिवस पुरते हे मोजावे. हे काम घरी बसून अंदाजाने करण्यापेक्षा वेगवेगळ्या लांबीचे केस असलेल्या आठ-दहा स्त्रियांना बाटली देऊन तिच्यावर दर आठवड्याला पातळीची खूण करायला सांगावी. आपल्या उदाहरणात खांद्यापर्यंतच्या केसांना एका वेळी आठ ते दहा मिलीलीटर तेल लागते आणि आठवड्यातून दोनदा लावले जाते असे दिसले. म्हणजे बाटली पाच ते सहा आठवड्यांत संपते. याचा अर्थ असा की तिसऱ्या आठवड्यात कोणी परत आले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही, पण दहावा आठवडा उलटला तरी परत न आलेला ग्राहक बहुतेक गेलाच असे धरावे. दहा आठवड्यांची ही मुदत चाचणी सुरू होण्यापूर्वी ठरलेली असली पाहिजे. ती नंतर ठरवली तर आपण नकळत आपल्याला सोयीची मुदत निवडतो.

तिसरी गोष्ट म्हणजे निर्णयाची रेषा. पूर्ण किमतीला पुन्हा खरेदी करणारे किती टक्के असतील तर पुढे जायचे, किती असतील तर सूत्र किंवा किंमत बदलून पुन्हा तपासायचे आणि किती असतील तर थांबायचे, हे तारीख घालून लिहून ठेवावे. आपल्या उदाहरणातील उद्योजिकेने वीस टक्क्यांच्या वर पुढे, दहा ते वीस या टप्प्यात बदल करून पुन्हा चाचणी, आणि दहाच्या खाली असल्यास थांबायचे असे ठरवले. हे आकडे तिच्या नफ्याच्या गणितातून आले होते आणि प्रत्येकाने ते आपल्या गणितातून काढावेत.

चाचणी बॅच: किती आणि कुठे

घरच्या स्वयंपाकघरात केलेले तेल विकून चाचणी घेण्याचा मोह अनेकांना होतो, पण विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांच्याखाली महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. स्वतःचा कारखाना नसलेल्या नव्या ब्रँडसाठी व्यवहार्य मार्ग म्हणजे परवानाधारक उत्पादकाकडून माल करून घेणे. कायद्याखेरीजही याला एक महत्त्वाचे कारण आहे. घरच्या कढईत तीन लिटर तेल जसे होते तसे कारखान्यातील साठ लिटरच्या भांड्यात होत नाही, कारण तापवण्याचा आणि थंड होण्याचा वेळ बदलतो आणि त्याबरोबर रंग व वासही बदलतो. ज्या मालाची चाचणी घेतली तोच माल पुढे विकायचा असेल, तर चाचणीचा माल पुढच्या मालाच्या पद्धतीनेच झालेला हवा.

लेबलवरील दाव्यांचा विचारही याच टप्प्यावर करावा. केस स्वच्छ, मऊ, चमकदार दिसतात असे म्हणणे सौंदर्यप्रसाधनाच्या चौकटीत बसते. टक्कल किंवा एखादा त्वचारोग बरा होतो असे म्हटले की ते औषधाचे क्षेत्र होते आणि तिथले नियम व परवाने वेगळे आहेत. हा मुद्दा मागणीच्या अंदाजाशीही थेट जोडलेला आहे. प्रदर्शनात तोंडी "केस गळणे आठ दिवसांत थांबेल" असे सांगून केलेली विक्री पुढे कायदेशीर लेबल लावून दुकानात ठेवलेल्या बाटलीला मिळणार नाही, त्यामुळे ती मोजण्यात काही अर्थ नसतो.

उत्पादक साधारणपणे मोठ्या बॅचचा आग्रह धरतात. त्यांच्याशी बोलताना दर कमी करण्याची घासाघीस करण्यापेक्षा लहान बॅच मान्य करून घेण्यावर भर द्यावा आणि त्यासाठी प्रति बाटली जास्त दर द्यायची तयारी ठेवावी. खरी अडचण पुष्कळदा तेलापेक्षा बाटलीत असते. स्वतःच्या साच्याची बाटली किंवा थेट छपाई केलेली बाटली हजारोंच्या संख्येने घ्यावी लागते, म्हणून चाचणीसाठी बाजारात तयार मिळणारी गडद रंगाची बाटली आणि चिकटवायचे लेबल वापरावे. लेबलवर बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची यादी, वापराची मुदत, निव्वळ प्रमाण, सर्व करांसहित कमाल किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे चाचणीच्या मालावरही हवेच.

आपल्या उदाहरणात बॅच ६० लिटरची ठरली. त्यातून १०० मिलीलीटरच्या ५२० बाटल्या आणि १० मिलीलीटरच्या ५०० छोट्या बाटल्या भरल्या. उरलेले सुमारे तीन लिटर तपासणी, राखून ठेवायचे नमुने आणि घट यांत गेले. प्रत्येक मोठी बाटली बनवून हातात येईपर्यंत १२० रुपये पडली.

आता या ५२० बाटल्यांची वाटणी पाहू, कारण बहुतेक चाचण्या इथेच बिघडतात. १२० बाटल्या दुकानांत पहिल्या फेरीत ठेवायला, १२० दुकानांत पुन्हा भरायला, २०० दोन प्रदर्शनांसाठी आणि ८० बाटल्या केवळ परत येणाऱ्या ग्राहकांसाठी. या शेवटच्या ८० बाटल्यांना प्रदर्शनात कितीही गर्दी झाली तरी हात लावायचा नाही. सगळा माल पहिल्या झपाट्यात विकून टाकला, तर सहा आठवड्यांनी ग्राहक परत येतो तेव्हा "पुढची बॅच यायची आहे" असे सांगावे लागते आणि ज्या आकड्यासाठी सगळा खटाटोप केला तोच हातातून निसटतो.

मालाच्या टिकाऊपणाची चाचणी विक्रीच्या बरोबरीने चालू ठेवावी. प्रयोगशाळेत चाळीस अंश तापमानाला काही महिने ठेवून केलेली तपासणी उत्पादकाकडून मागून घ्यावी, आणि त्याखेरीज काही बाटल्या खिडकीतल्या उन्हात, काही गाडीच्या डिकीत, काही आडव्या करून ठेवाव्यात. तेलाला खवट वास येणे, तळाशी गाळ बसणे आणि झाकणातून तेल झिरपून लेबल डागाळणे या तीन तक्रारी केशतेलात वारंवार येतात. खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठू लागते. म्हणून तिळाचे प्रमाण किती ठेवले तर डिसेंबरात पुण्यात बाटली ओतता येते, हे आधी पाहिले पाहिजे. हिवाळ्यात विक्री पडली आणि तिचे कारण मागणी नसून गोठलेले तेल होते, असे नंतर कळणे फार महागात पडते.

प्रदर्शनातून काय मोजता येते

महाराष्ट्रात यासाठी जागांची कमतरता नाही. पुण्यातील भीमथडी जत्रा, मुंबईत बचत गटांसाठी भरणारे महालक्ष्मी सरस अशी मोठी प्रदर्शने आहेत, आणि दिवाळीआधी जवळपास प्रत्येक शहरातील सभागृहांत दोन-चार दिवसांची छोटी प्रदर्शने भरतात. चाचणीसाठी छोटे प्रदर्शन अधिक उपयोगी ठरते, कारण तिथे दोन माणसांना प्रत्येक ग्राहकाची नोंद ठेवता येते. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात प्रदर्शन घ्यायचे असेल आणि तिथे जीएसटी नोंदणी नसेल, तर तात्पुरत्या करपात्र व्यक्तीची नोंदणी आधी घ्यावी लागते. ती सुरुवातीला जास्तीत जास्त ९० दिवसांची असते आणि तिच्यासाठी अंदाजित कर आगाऊ भरावा लागतो. पहिली चाचणी त्यामुळे आपल्याच राज्यात घेणे सोपे जाते.

स्टॉलवर एक माणूस विकेल आणि दुसरा फक्त नोंद ठेवेल अशी व्यवस्था असावी. वहीत दर तासाला चार गोष्टींच्या रेघा ओढायच्या: किती जण थांबले, किती जणांनी तेल हातावर घेऊन पाहिले, किती जणांनी किंमत विचारली आणि किती जणांनी घेतले. या चार पायऱ्यांपैकी लोक कुठे गळतात त्यावरून दोष कुठे आहे ते कळते. थांबतच नसतील तर मांडणी किंवा नाव पोचत नाही. हातावर घेऊन वास पाहून पुढे जात असतील तर वास किंवा चिकटपणा आवडलेला नाही. किंमत ऐकून मागे फिरत असतील तर किंमत किंवा तिचे समर्थन कमी पडते.

आपल्या उदाहरणात पुण्यातील चार दिवसांच्या प्रदर्शनात ६२० जण थांबले, ३४० जणांनी तेल हातावर घेतले, २१० जणांनी किंमत विचारली आणि ९६ मोठ्या बाटल्या विकल्या गेल्या. थांबणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक हात पुढे करतात आणि किंमत विचारणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे घेतात, पण तेल हातावर घेतलेले १३० जण किंमत न विचारताच निघून गेले. वासाविषयी आणखी विचारणा करायला हवी हे इथेच कळते.

किमतीची चाचणी "तुम्ही किती द्याल?" असे विचारून होत नाही, कारण लोक उत्तर देताना पैसे देत नसतात. छापील किंमत ३२० ठेवून गुरुवारी आणि शनिवारी २७९ रुपयांना, तर शुक्रवारी आणि रविवारी ३२० रुपयांना विक्री केली. दोन्ही जोड्यांत एक कामाचा आणि एक सुटीचा दिवस येतो, म्हणून तुलना बऱ्यापैकी न्याय्य होते. २७९ रुपये ऐकलेल्या १०८ जणांपैकी ५४ जणांनी घेतले, ३२० ऐकलेल्या १०२ जणांपैकी ४२ जणांनी. केशतेलावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के आहे. तो कर आणि १२० रुपये खर्च वजा केल्यावर किंमत विचारणाऱ्या दर शंभर माणसांमागे कमी किमतीला सुमारे ७,३०० रुपये आणि पूर्ण किमतीला सुमारे ७,६०० रुपये उरतात. फरक इतका थोडा आहे की त्यावरून ३२० "सिद्ध" झाले असे म्हणता येणार नाही. पण किंमत कमी केल्याने फायदा होतो असेही दिसत नाही, आणि नव्या ब्रँडने सुरुवातीलाच किंमत उतरवू नये एवढे ठरवायला हे पुरेसे आहे.

त्याच प्रदर्शनाचा हिशेबही पाहू. ९६ बाटल्यांवर कर आणि मालाचा खर्च वजा जाऊन सुमारे १५,६०० रुपये उरले. स्टॉलचे भाडे १२,००० होते. राहणे, प्रवास आणि मदतनीस यांत बाकीचे गेले. हे प्रदर्शन नफ्यासाठी घेतले असते तर ते तोट्याच्या काठावर होते. माहितीचा खर्च म्हणून पाहिले तर ते स्वस्त पडले. ही दोन गणिते मिसळली की प्रदर्शनामागून प्रदर्शन करत राहण्याची सवय लागते आणि दुकानातील विक्रीची कसोटी लांबणीवर पडत जाते.

आता विक्रीच्या यादीतून काही नावे काढून टाकायची आहेत. नातेवाईक, मैत्रिणी, शेजारच्या स्टॉलवाल्यांनी परस्पर घेतलेल्या बाटल्या, या सगळ्यांपुढे विक्री करतानाच वेगळी खूण करावी. ९६ पैकी अशा १६ निघाल्या. ठाण्यातील दुसऱ्या प्रदर्शनात ५२ पैकी १२. उरलेले अनोळखी ग्राहक १२०, आणि पुढचे सगळे गणित फक्त त्यांचे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एक प्रश्न आणखी विचारावा: "स्वतःसाठी की भेट द्यायला?" भेटीची खरेदी खरी असते, पण भेट मिळालेली व्यक्ती आपल्याला सापडत नाही आणि ती खरेदी वर्षातून एकदाच होते. आपल्या उदाहरणातील दोन्ही प्रदर्शने मुद्दाम दिवाळीनंतर घेतली, म्हणून हा प्रश्न टळला.

छोट्या १० मिलीलीटरच्या बाटल्या फुकट वाटू नयेत. त्या ४० रुपयांना विकाव्यात. ज्याला चाळीस रुपयेही द्यावेसे वाटत नाहीत त्याचे कौतुक मागणीत धरता येत नाही, आणि ज्याने दिले तो ती बाटली बहुतेक वापरतो. मात्र या ग्राहकांची नोंद मोठी बाटली घेणाऱ्यांपासून पूर्ण वेगळी ठेवावी.

परत येणारे ग्राहक कसे मोजावेत

बिल करताना ग्राहकाची संमती घेऊन दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा आणि तो कशासाठी वापरणार हे स्पष्ट सांगावे. तिसऱ्या आठवड्यात एकच फोन करावा आणि त्यात काहीही विकू नये. "बाटली उघडली का?", "शेवटचे कधी लावले?", "घरात आणखी कोणी लावते का?" असे घडलेल्या गोष्टींचे प्रश्न विचारावेत. "तेल आवडले का?" या प्रश्नाला आपल्याकडे शिष्टाचार म्हणून हो म्हटले जाते आणि त्या उत्तरातून काही कळत नाही. न उघडलेल्या बाटल्यांचे प्रमाण इथे कळते, आणि ते मोठे असेल तर खरेदी भिडेखातर झाली असे समजावे.

त्यानंतर पुन्हा घेण्यासाठी कोणतीही सवलत देऊ नये. सवलत दिली की परत आलेला ग्राहक तेलासाठी आला की सवलतीसाठी, हे वेगळे करता येत नाही. मात्र माल कुठे मिळेल हे प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. बाटलीवर छापलेला क्रमांक आणि बिलासोबत दिलेला ऑर्डरचा क्रमांक यासाठी पुरतो.

दहाव्या आठवड्याअखेर १२० पैकी ३० जणांनी पूर्ण किमतीला दुसरी बाटली घेतली. क्रमांक ९० जणांनीच दिले होते, म्हणून ९० ने भागून तेहतीस टक्के सांगावेसे वाटते. तसे करू नये. ज्यांनी क्रमांक दिला नाही ते सरासरीपेक्षा कमी उत्सुक असण्याची शक्यता जास्त, म्हणून भागाकार १२० नेच करावा. उत्तर २५ टक्के येते. यापुढची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. १२० माणसांवरून काढलेले २५ टक्के हा खरे तर एका पट्ट्याचा मध्यबिंदू आहे. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने हा पट्टा साधारण १७ ते ३३ टक्के येतो. मालाची ऑर्डर देताना खालचे टोक धरावे, कारण वरचे टोक खरे ठरले तर आणखी एक बॅच मागवता येते, पण खालचे खरे ठरले तर विकलेला नसलेला माल परत करता येत नाही. २५ टक्के हे ठरवलेल्या वीस टक्क्यांच्या रेषेच्या वर आहे, पण पट्ट्याचे खालचे टोक तिच्या खाली येते. म्हणून निर्णय "पुढे जा, पण लहान पावलाने" असा होतो.

दोन छोट्या बाजारपेठा

प्रदर्शनात ब्रँडची मालकीण स्वतः बोलत असते. दुकानात बाटली एकटी उभी असते. त्यामुळे दुकानातील चाचणी अटळ आहे. दोन बाजारपेठा अशा निवडाव्यात की त्यांत एखादा महत्त्वाचा फरक असेल. आपल्या उदाहरणात सातारा आणि रत्नागिरी निवडले. एकीकडे कोरडी हवा, दुसरीकडे किनारपट्टीचा दमटपणा. दमट हवेत तिळाचे जड तेल चिकट वाटते की नाही, हा प्रश्न या निवडीतून तपासला जातो.

प्रत्येक ठिकाणी सहा दुकाने घेतली: औषधांची दुकाने, प्रसाधनांची दुकाने आणि किराणा दुकाने, प्रत्येकी दोन. दुकानदाराला छापील किमतीवर पंचवीस टक्के मार्जिन आणि "विकले तेवढ्याचेच पैसे" अशी बोली. हे करताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी की दुकानदाराने माल ठेवून घेणे ही विक्री नव्हे. म्हणून दर आठवड्याला दुकानात जाऊन फळीवरील बाटल्या स्वतः मोजाव्यात. आधीचा साठा, अधिक नवा दिलेला, वजा आताचा साठा, एवढाच हिशेब. दुकानदाराला विचारून लिहू नये. तो बहुधा चांगल्या मनानेच आकडा फुगवून सांगतो.

दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. पहिल्या काही आठवड्यांत दुकानदार नव्या मालाची शिफारस करतो आणि नंतर विसरतो, म्हणून अंदाजासाठी शेवटचे चार आठवडेच धरावेत. दुसरे असे की ज्या आठवड्यात फळी रिकामी होती तो आठवडा भागाकारातून वगळावा, नाहीतर माल नसल्याने न झालेली विक्री मागणी नसल्याचे सोंग घेते.

साताऱ्यात पाचव्या ते आठव्या आठवड्यात सहा दुकानांत २४ बाटल्या विकल्या. सहा दुकाने गुणिले चार आठवडे म्हणजे २४ दुकान-आठवडे. पण दोन दुकानांच्या फळ्या दोन-दोन आठवडे रिकाम्या होत्या. उरले २० दुकान-आठवडे, म्हणजे दुकानामागे आठवड्याला १.२ बाटल्या. पहिल्या चार आठवड्यांचा वेग याच रीतीने २.१ होता. तो धरला असता तर अंदाज पावणेदोन पट झाला असता. रत्नागिरीत एकही फळी रिकामी नसताना त्याच चार आठवड्यांत फक्त ८ बाटल्या विकल्या, म्हणजे दुकानामागे आठवड्याला बाटलीचा तिसरा हिस्सा. दुकानदारांशी बोलताना "वास चांगला, पण चिकट" हे तिथे पुन्हा पुन्हा ऐकू आले. यावरून रत्नागिरी वाईट बाजारपेठ ठरत नाही. हे सूत्र किनारपट्टीसाठी नाही, एवढेच ठरते.

पुढची बॅच किती मोठी

नव्या ग्राहकांचा ओघ आणि पुन्हा घेणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळे काढून मग एकत्र करण्याची कल्पना बाजार संशोधनात १९६० च्या दशकापासून वापरली जाते. लहान ब्रँडला त्यातील साधे रूप पुरते.

समजा, पुढच्या तीन महिन्यांत रत्नागिरी वगळून सातारा, कऱ्हाड आणि सांगली भागात ४० दुकाने घ्यायची आहेत. पहिली सहा दुकाने ओळखीची आणि चांगल्या जागेची होती. पुढची चौतीस तशी असणार नाहीत. म्हणून १.२ चा वेग दोन-तृतीयांशावर आणून ०.८ धरू. ४० दुकाने, १२ आठवडे, ०.८ बाटल्या, म्हणजे ३८४ बाटल्या. दोन प्रदर्शनांतून अनोळखी ग्राहकांना १२०. थेट पुन्हा घेणारे, १७ टक्क्यांच्या खालच्या टोकाने नव्या १२० जणांतून सुमारे २० आणि आधीच्या ३० निष्ठावंतांची पुढची खरेदी धरून एकूण ५०. तीन महिन्यांची खरी विक्री सुमारे ५५४ बाटल्या. त्याखेरीज ४० फळ्यांवर प्रत्येकी सहा बाटल्या उभ्या राहाव्या लागतील, त्या २४०. हा माल विकलेला नाही, पण बनवलेला मात्र असावा लागतो. म्हणजे बॅच ८०० बाटल्यांच्या आसपासची.

याच वेळी उत्पादक ५,००० बाटल्यांचा दर सांगेल. समजा तो बाटलीमागे ९२ रुपये आहे. २८ रुपयांची बचत मोठी वाटते. पण तीन महिन्यांत ५५४ या वेगाने ५,००० बाटल्या संपायला सव्वादोन वर्षे लागतील. वापराची मुदत चोवीस महिने असेल तर शेवटचा माल मुदतबाह्य होईल, आणि मुदत संपत आलेला माल दुकानदार त्याही आधी नाकारेल. चार लाख साठ हजार रुपये अडकतील ते वेगळेच. दुकानातून बाटलीमागे कर वजा जाऊन सुमारे २२८ रुपये मिळतात आणि १२० रुपये खर्च धरूनही १०८ उरतात. ८०० ची बॅच महाग दरानेही तग धरते, मग दर कमी करण्याची घाई करायचे कारण राहत नाही.

दुसऱ्या बॅचमध्ये दोन गोष्टी नव्याने तपासायच्या असतात. एक म्हणजे पहिल्या बॅचच्या राखून ठेवलेल्या नमुन्याशी तिचा रंग, वास आणि दाटपणा जुळतो का. हे जुन्या ग्राहकांपैकी पाच-सहा जणींना दोन्ही बाटल्या लेबल काढून देऊन पाहावे. दुसरी म्हणजे नव्या चौतीस दुकानांतील आठव्या आठवड्याचा वेग. तो ०.८ च्या जवळ असेल तर तिसरी बॅच दीडपट ते दुप्पट करावी. ०.५ च्या खाली असेल तर आणखी दुकाने जोडणे थांबवून, विक्री होत नसलेल्या दुकानांतील माल विकणाऱ्या दुकानांत हलवावा आणि किनारपट्टीसाठी हलक्या तेलाची साठ लिटरची वेगळी बॅच करण्याचा विचार तोपर्यंत पुढे ढकलावा.